आठवड्याचे पाच शब्द

त्या गुरुवारी दुपारी आम्ही चारच शब्द पाहिले. बायको ओट्यावर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. तिच्या मांडीवर पातळ पुस्तक, मी खालच्या पायरीवर, माझ्या मांडीवर कोश. ती एकेक अक्षर सांगे आणि मी बोट फिरवत पान लावी. पाचव्या शब्दाला ती थांबली, वरचं पान उलटून पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या. हा समजला मले."

"मंग आज चारच."

"तुमाले लयच हौस असन तर एक तुमच्यासाठी पाहा."

"मले कायले पाह्यजे? मले काय तिकडं सासरी जाचं हाये?"

ती हसली. मी कोश फडक्यात बांधून पेटीत ठेवला, तिनं चहा टाकला. एवढंच झालं. आमचं दोघांचं शेवटचं काम ते.

वाचणाऱ्याला हे वेड वाटेल. कारंज्याच्या कापसाच्या जिनात हाडं झिजवलेला माणूस, मराठी चौथीत दोनदा बसलेला, आणि त्याच्या मांडीवर फ्रेंच भाषेचा कोश. वाटू द्या. गावालाही वाटत होतं. गावातले लोक संध्याकाळी चौकात बसून तंबाखू मळतात आणि तोच उद्योग मानतात, त्यांना काय वाटतं याची फिकीर मी तेव्हाही केली नाही, आता तर मुळीच नाही.

मला इंग्रजी येत नाही. अक्षरं येतात. जिनात दाबून बांधलेल्या गठाणीवर पत्र्याचा साचा ठेवून काळ्या रंगानं मार्का मारायचं काम पंचवीस वर्षं माझ्याकडे होतं. मोठी अक्षरं मला अंधारात हातानं ओळखता येत होती, बारीक अक्षरं तिनं शिकवली. तिला मात्र इंग्रजी समजे. तिचा बाप वाशीमला मिशनच्या बंगल्यात माळी होता. तिथल्या मडमेनं हिला मराठी सात बुकं आणि वर इंग्रजीची तीन बुकं शिकवली. मग बापानं तिला माझ्या गळ्यात बांधली. तीस वर्षं तिनं ते इंग्रजी पिठाच्या डब्यात झाकून ठेवल्यासारखं ठेवलं. मला तर ते आहे हेसुद्धा आठवत नव्हतं.

तर काम असं चाले. फ्रेंच शब्दाची अक्षरं ती सांगणार, मी कोशात शोधणार, समोर छापलेल्या इंग्रजी अर्थाची अक्षरं मी वाचून दाखवणार, आणि अर्थ तिच्या डोक्यात लागणार. माझ्या डोक्यात काही लागत नसे. दोन माणसांत मिळून एक वाचणारा.

आता हे कशासाठी, ते सांगतो.

आमचा एकच पोरगा. माझ्या हाताखाली जिनात तयार झाला, मोठा फिटर झाला आणि पाँडिचेरीला कापडाच्या गिरणीत गेला. तो मुलूख फ्रेंचांचा. तिथंच त्यानं तिकडली बायको केली. त्याला एक पोरगी झाली. ती शाळेत नन बायांपाशी फ्रेंच शिकते, घरी आईशी तमिळ बोलते. मराठी तिला येत नाही. बापानं शिकवली नाही. का शिकवली नाही हे मी त्याला एकदा विचारलं तर म्हणाला, गिरणीतून आल्यावर थकवा येते. थकवा. मी भर उन्हाळ्यात गठाणी ओढून घरी आलो तरी त्याच्याकडून पाढे म्हणवून घेत होतो.

पोरगी आठ वर्षांची झाली तशी पत्र लिहू लागली. चार-चार पानं, ओळी सरळ, निळ्या शाईची. त्याच पाकिटात पोराचं एक चिटोरं. चिटोऱ्यावर कायम तेच. पोरगी मजेत आहे, शाळेत हुशार आहे, तुम्हा दोघांना नमस्कार सांगते.

पहिल्या पत्राला बायको खूश झाली. दुसऱ्याला तिनं चिटोरं उलटून मागं काही आहे का पाहिलं. तिसऱ्याला तिनं चिटोरं बाजूला फेकलं आणि पोरीचे कागद मोजून म्हणाली, "चार पानं नमस्कार कोणी लिहिते काय?"

"लेकरू हाये. काहीबाही लिवत असन."

"तेच काहीबाही मले पाह्यजे."

तिनं पोराला लिहिलं, सगळं ओळीनं मराठीत करून पाठव. त्यानं पाठवलं. सहा ओळी. त्यातल्या दोन त्याच्या स्वतःच्या, गिरणीतल्या साहेबाबद्दल. त्या दिवशी तिनं ठरवलं की आपल्यात आणि नातीत मध्ये कोणी नको. पोटचा पोरगासुद्धा नको. ती तेव्हा पन्नाशीची होती. मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो, आता लपवून काय करू.

आमच्या गावात फ्रेंच येणारा माणूस एकच, हायस्कुलातला मास्तर. कॉलेजात त्यानं संस्कृत सोडून फ्रेंच घेतली होती, कारण तिला मार्क जास्त पडतात म्हणे. त्याच्या अंगावर कोट उन्हाळ्यातही. ती त्याच्याकडे गेली. त्यानं तिला आपलं कॉलेजातलं जाड पुस्तक दिलं आणि पद्धत सांगितली. एकही शब्द न पाहता सोडायचा नाही. प्रत्येक शब्द कोशात पाहायचा, वहीत तीन रकाने आखून उतरवायचा, पाठ करायचा, मग पुढचा शब्द.

"आजी, पाया पक्का पाहिजे," मास्तर म्हणाला. "समजल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही."

कोश पोरानं पाठवला होता. आम्ही बसलो. पहिल्या ओळीत अकरा शब्द, अकराही पाहायचे. त्यातले चार कोशात सापडेचनात. पुढं कळलं की क्रियापद वाक्यात शिरलं की त्याचं रूप बदलून जातं, आणि कोशात ते मूळ रूपातच बसलेलं असतं. मूळ रूप कोणतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते सापडणार, आणि ज्याला माहीत आहे त्याला शोधायची गरज काय? मास्तर म्हणाला, त्यासाठी व्याकरणाचे तक्ते पाठ करा. तिनं तक्तेही आणले. जे शब्द सापडले त्यांना पाच-पाच अर्थ. कोणता लावायचा? ती पाचही लिही.

चार महिने गेले. वह्या दोन भरल्या. पुस्तकाची पानं झाली अकरा. एकदा मी विचारलं, "काय चालू हाये त्या गोष्टीत?"

तिनं वहीची दोन पानं उलटली. मग म्हणाली, "एक माणूस हाये. तो कुठं तरी जाऊन राह्यला, का येऊन राह्यला, ते काही समजत नाही."

चार महिने. एवढ्यात माणूस पाँडिचेरीला पायी जाऊन परत आला असता. मास्तराला त्याची लाज नव्हती. तो म्हणे, आजींची प्रगती चांगली आहे. त्याला स्वतःला ते पुस्तक पुरतं वाचता येत होतं का, याचा मला दाट संशय आहे. एकदा मी नातीचं पत्र त्याच्यापुढं धरलं. त्यानं कोटाच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाला, अक्षर मुलांचं आहे, सवडीनं पाहू. त्याची सवड अजून यायची आहे.

तिनं मास्तर सोडला. सगळी हकिकत पोराला लिहिली. त्यानं जन्मात एक शहाणपणाचं काम केलं. ती हकिकत नातीच्या शाळेतल्या एका नन बाईला सांगितली. तिनं एक गठ्ठा पाठवला. बारीक पुस्तकं, बोटाएवढीही जाड नाहीत, वर आकडे, एक ते पाच. इंग्रजी येणाऱ्या पोरांनी फ्रेंच शिकावं म्हणून छापलेली. पहिल्यात थोडेच शब्द, तेच फिरून फिरून. दुसऱ्यात पहिल्यातले सगळे आणि थोडे नवे. असं पायरी-पायरीनं. नवा शब्द आला की पानाच्या तळाशी त्याचा इंग्रजी अर्थ, मधून मधून चित्रं. सोबत नन बाईची इंग्रजी चिठ्ठी. सोपं वाचा, भरपूर वाचा, शब्दासाठी थांबू नका.

ती चिठ्ठी तिनं मला वाचून दाखवली आणि म्हणाली, "आता याले काय म्हणावं? मास्तर म्हणते थांब, बाई म्हणते थांबू नको."

"बाईची पोरं फ्रेंच बोलतात. मास्तराचे पोट्टे काय बोलतात?" मी म्हणालो.

ते तिला पटलं.

पहिलं पुस्तक तिनं पाच दिवसांत संपवलं. पाच दिवसांत, एक पूर्ण पुस्तक. संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिला ते आवडलं होतं. एक पोरगा, एक कुत्रा, एक आजी, एक वाडी. कुत्रा हरवतो, सापडतो. गावातल्या कुत्र्याला जिनं कधी भाकर टाकली नाही ती त्या कागदी कुत्र्याची काळजी करत बसली.

दुसऱ्यात तिला सवयीनं पुन्हा शब्द पाहायची खाज सुटली. एक पाहिला की दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, गोष्ट तिथंच मेली. मग तिनंच नियम केला. कोश माझ्या हत्यारांच्या पेटीत राहणार, चावी माझ्याकडे. आठवड्यात पाच शब्द. सहावा मागितला तर द्यायचा नाही.

"मी रडली तरी देऊ नका," ती म्हणाली.

"तू कवा रडली?"

"म्हणून तर सांगून राह्यली."

नियम असा. रविवार, सोमवार, मंगळवार नवीन पानं, दुपारी जेवणाची भांडी झाल्यावर ओट्यावरचं ऊन पायरीपाशी येईपर्यंत. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका, आणि पुढं. मागं पाहायचं नाही. एका पानावर चारापेक्षा जास्त ठिपके पडले तर पुस्तक आपल्या आवाक्याबाहेरचं, खालच्या आकड्याचं काढायचं. बुधवारी आठवड्याची सगळी पानं पुन्हा वाचायची, या खेपेला हातात रबर. ठिपक्यांतले अर्ध्याहून जास्त त्या दिवशी खोडले जात. मला हे जादूसारखं वाटे. रविवारी न समजलेला शब्द बुधवारी कोणी न सांगता समजलेला. ती म्हणे, तो मधात तीन-चार ठिकाणी भेटला, ओळख झाली. उरलेल्यांतून गुरुवारी पाच निवडायचे, आणि तेही कोणते? ज्यांच्यावाचून गोष्ट अडते ते. फुलाचं नाव, पक्ष्याचं नाव, असले तिनं कधी पाहिले नाहीत. "कोणतं तरी फूल हाये, बस झालं," म्हणे. शुक्रवारी नातीला पत्र, पुस्तकातल्यासारखीच सोपी वाक्यं जुळवून. शनिवारी पुस्तक बंद. शनिवारी तेल, न्हाणं, मारुती.

जिनाचा हंगाम दिवाळीपासून चैत्रापर्यंत. त्या दिवसांत मी फक्त गुरुवारी दुपारची सुटी घेई. मुकादम विचारी, कायची सुटी? मी सांगे, बायकोले फ्रेंच शिकवतो. सगळं जिन हसे. हसा म्हटलं.

एक गाढवपणा माझाही सांगतो, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांचीच काढतो असं होईल.

तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी ती आठ दिवस धनजला बहिणीकडे गेली होती. मला वाटलं, चावी माझ्याकडे, कोश माझ्याकडे, हिला एक मदत करून ठेवावी. मी पुस्तक घेतलं आणि ओळीनं सापडेल तो शब्द कोशात पाहून त्याच्या डोक्यावर इंग्रजी अर्थ लिहिला. मोठ्या अक्षरांत, गठाणीवर मारतात तसा, ठळक. आठ दिवसांत बावीस पानं झाली. माझे डोळे सुजले. ती आली, पुस्तक उघडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुलीत पाणी ओतलं.

"हे काय केलं तुमी?"

"आता कोश पाह्यचीच गरज नाही. आख्खं सोपं करून ठेवलं."

"आता मी फ्रेंच कशी वाचू? डोळा वरतीच जाते. तुमची इंग्रजी ढोरासारखी मधात उभी हाये."

"मंग वरचं पाहू नको."

"तुमच्यापुढं जिलेबी ठेवते अन् सांगते पाहू नका. पाह्यसान का नाही?"

तिनं आठ दिवस रबर घेऊन ती बावीस पानं घासली. वाचन बंद. माझ्याशी बोलणंही जवळजवळ बंद. काही ठिकाणी कागद फाटला. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, तुमचे हात गठाणीले ठीक आहेत. त्या दिवसापासून मी पाचावर कधी गेलो नाही. माझ्यात आणि मास्तरात त्या आठ दिवसांत काही फरक नव्हता, हे मला फार लागलं.

तिसरं पुस्तक संपलं आणि एका शुक्रवारी तिनं नातीची जुनी पत्रं काढली, दोन वर्षांची. पुस्तकासारखीच वाचली, न थांबता. अडलेलं सोडून दिलं. मी दोरी वळत बसलो होतो. तिसऱ्या पत्राच्या मध्यावर तिनं कागद खाली ठेवला.

"हे पोरगी विचारून राह्यली."

"काय?"

"आजी, तुझ्या भाषेत नातीले काय म्हणतात? मले तेच म्हण." तिनं दुसरं पत्र उचललं. "हेबी तेच विचारते." तिसरं. "इथं लिवलं, आजी, तू सांगितलं नाहीस. तुले लिवता येत नाही काय?"

दोन वर्षं ते लेकरू विचारत होतं आणि आमचा पोरगा लिहीत होता, पोरगी मजेत आहे. बरं, लबाडी नव्हती त्यात. आळस होता. मला लबाड माणूस एक वेळ चालतो. ज्याला चार पानं वाचायचा कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याला जो अर्थ म्हणतो, त्याला मी माणसात धरत नाही, पोटचा असला तरी.

तिनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. पाच वाक्यं. नातीला आम्ही नात म्हणतो, पण तुला मी बाई म्हणीन, आमच्याकडे लाडाच्या पोरीला बाई म्हणतात. एवढंच. उलट टपाली उत्तर आलं, खाली सही होती, तुझी बाई. देवासमोर ठेवतात तसं ते पत्र तिनं कोनाड्यात ठेवलं.

तिथून मात्र गाडी धावली. दर पंधरवड्याला पत्र. पोरगा एकदा सुटीवर आला तेव्हा त्यानं तिला बोलायचं कसं ते सांगितलं. तोपर्यंत ती सगळं लिहिलं आहे तसंच वाचत होती. त्यात निम्मी अक्षरं लिहायची आणि बोलायची नाहीत, हे ऐकून मी म्हणालो, ज्या लोकांले स्वतःची अक्षरं उच्चारायचा कंटाळा येते त्यांच्यात आपला पोरगा बरा रमला. त्याला ते लागलं. लागू दे.

त्या गुरुवारी जे चार शब्द आम्ही पाहिले ते पाचव्या पुस्तकातले. बुधवारीच नातीचं पत्र आलं होतं. ते तिनं उभ्यानं वाचलं, दारातच, डाकवाला अजून फाटकाशी होता. मला सांगितलं, पोरगी नाताळच्या सुटीत येते म्हणते, बापाच्या मागं लागून. आणि विचारते, मी आली तर तू माझ्याशी हळू बोलशील काय.

"तिले लिव," मी म्हणालो, "हळूच बोलते, तीन वर्षं लागली एवढं बोलाले."

"शुक्रवारी लिवते," ती म्हणाली. "उद्या शब्द, परवा पत्र."

शुक्रवारी सकाळी अंगण झाडून ती आत आली, छातीत जड वाटते म्हणाली, माठापाशी बसली. मी पाणी दिलं, ते प्यायली नाही. मी वैद्याला आणायला शेजाऱ्याला पाठवलं. तो येईपर्यंत सगळं झालं होतं. दुपारी बाहेर काढली. पोराला तार एका जिनवाल्यानं केली. बाकी मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

शनिवारी सकाळी माणसं बसायला आली. एक म्हातारी म्हणाली, वाचून वाचून डोक्शात गेलं बाईच्या, या वयात काहून करावा असा उद्योग. मी म्हटलं, तुझ्या डोक्शात जायले काही नाही, तू शंभर वर्षं जगशील. ती उठून गेली. बरं झालं. मग मास्तर आला, कोट घालून. बराच वेळ हळहळला. म्हणाला, आजींनी व्याकरण पक्कं केलं असतं तर पुढं गेल्या असत्या. तो दिवस भांडणाचा नव्हता, आणि त्याच्याशी भांडून मी कोणता मोठा होणार होतो. मग तो म्हणाला, "नातीला कळवायचं असेल तर मी फ्रेंचमध्ये मजकूर करून देतो. दोन-तीन दिवस लागतील."

एक क्षण मला वाटलं, देऊन टाकावं. कोटवाला माणूस, चांगलं लिहील, व्याकरणाला धरून. मला काय येतं? तेव्हाच मला माझं खरं ज्ञान कळलं. तीन वर्षं मी कोश पाहिला, चारशे-पाचशे शब्द तरी माझ्या बोटाखालून गेले असतील, आणि त्यातला एकही कामाचा नाही. मास्तर सोडल्यापासून घर, ये, आई, पाणी, असल्या शब्दांसाठी तिनं मला कधी बोलावलंच नव्हतं. ते तिला पुस्तकांनी दिले होते, पुन्हा पुन्हा भेटून. माझ्या वाट्याला उरलेसुरले आले, अडणारे, वर्षातून एकदा लागणारे.

पण मास्तरानं लिहिलं तर तो मास्तरचा मजकूर. आणि पोरानं कळवलं तर पोरीला एक ओळ मिळणार, आजी गेली, तू रडू नको. म्हणजे पुन्हा मध्ये माणूस. तिनं तीन वर्षं ज्याला मधून काढलं तो ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आणून बसवायचा?

"नको मास्तर," मी म्हटलं. "तुमी घरी जा."

"पण तुम्हाला येत नाही."

"तुमाले तरी कुठं येते."

मी आत गेलो आणि दार ओढून घेतलं. बाहेर कोणी तरी म्हणालं, सुतकात लिहू नये. मी सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली. कोशाला हात लावला नाही. दुसऱ्या पुस्तकात एका शेतकऱ्याची गाय मरते, ते मला माहीत होतं. ते पान वाचताना ती अर्धा दिवस उदास होती. चित्रात गाय पाय ताणून पडली आहे, शेतकरी डोक्याला हात लावून उभा. चित्राखाली एक आखूड वाक्य. नातीच्या पत्राच्या वरच्या ओळीत आजी हा शब्द असतो, तो दर पत्रात पाहून मला ओळखू येत होता. मी गाय काढली आणि तिथं आजी बसवली. साच्यात अक्षर बदलतात तसं. बरोबर झालं का चूक, मला ठाऊक नाही. मास्तरालाही ठाऊक नसतं.

मग ये हा शब्द हवा होता. पहिल्या पुस्तकात पोरगा दारात उभा राहून कुत्र्याला हात करतो, खाली एकच शब्द. तो घेतला. कुत्र्याला म्हणा का नातीला म्हणा, बोलावणं ते बोलावणं. त्यापुढं बाई हा आमचा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला. हळू बोलायचं कसं सांगावं, ते मात्र कुठं सापडेना. पाचही पुस्तकं दोनदा उलटली. चौथ्यात एक म्हातारा काठी टेकत चालतो, त्याच्याखाली एक वाक्य होतं. तो हळू चालत असणार असं मी धरलं आणि ते वाक्य आख्खं उतरवलं. खाली एक माणूस काढला, काठीसकट, म्हणजे तिला कळावं मी कोण.

सगळं मोठ्या अक्षरांत झालं, ओळी वाकड्या. घाम टिपून मी पत्राची घडी केली, पाकिटावर पत्ता तिच्या जुन्या पाकिटावरून पाहून घातला आणि मागच्या दारानं डाकघरात गेलो. खिडकीतला बाबू पाकीट उलटसुलट पाहून म्हणाला, "काकाजी, घरी सुतक हाये ना तुमच्या? सुतक फिटल्यावर टाकलं असतं."

"पोरीनं बुधवारी विचारलं," मी म्हटलं. "शिक्का मार."